सिग्मा कुठून आला?

परिकल्पना चाचणीची स्लाइड बहुतेक वर्गांत सारखीच असते. व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम असो, नर्सिंगचा असो की कृषी महाविद्यालयातला, पडद्यावर सहा ओळी उमटतात. शून्य परिकल्पना आणि पर्यायी परिकल्पना लिहा. सार्थकता पातळी ठरवा. योग्य चाचणी निवडा. नमुन्यावरून चाचणीचे मूल्य काढा. ते तक्त्यातल्या मूल्याशी ताडून पाहा. निष्कर्ष लिहा. विद्यार्थी ओळी उतरवून घेतात, परीक्षेत त्याच क्रमाने लिहितात आणि पाचपैकी चार गुणही मिळवतात.

यातली तिसरी ओळ मात्र इतर ओळींसारखी नाही. बाकीच्या ओळी काय करायचे ते सांगतात, तर ही ओळ आपल्याकडे एक निर्णय मागते आणि तो कसा घ्यायचा हे शेजारच्या छोट्या चौकटीत दोन वाक्यांत उरकते. नमुना ३० पेक्षा मोठा असेल तर झेड-चाचणी, लहान असेल तर टी-चाचणी. काही स्लाइडवर याच्या जोडीला आणखी एक अट असते: σ माहीत असेल तर झेड, नसेल तर टी. विद्यार्थ्याच्या लक्षात तीसचा आकडा राहतो, कारण तो मोजता येतो. σ ची अट मागे पडते. खरा निर्णय मात्र त्या मागे पडलेल्या अटीत आहे. चौकट वाचताना पहिला प्रश्न ‘नमुना किती मोठा?’ हा नसावा, ‘सिग्मा कुठून आला?’ हा असावा. त्याचे उत्तर मिळाले की चाचणीची निवड जवळपास आपोआप होते.

दोन्ही चाचण्यांची सूत्रे एकाखाली एक मांडली की फरक नजरेत भरतो.

```
z = (x̄ − μ0) / (σ / √n)
t = (x̄ − μ0) / (s / √n)
```

वरचा भाग दोन्हीकडे एकच आहे. आपल्या नमुन्याची सरासरी शून्य परिकल्पनेत सांगितलेल्या सरासरीपासून किती लांब गेली, ते तो सांगतो. पण नुसत्या अंतराला अर्थ नसतो. दोन तासांचा फरक मोठा की लहान, हे मोजमाप एरवीही किती हलत असते यावर ठरते. म्हणून त्या अंतराला खालच्या भागाने, म्हणजे प्रमाण त्रुटीने भागायचे. केवळ योगायोगाने नमुन्याची सरासरी साधारण किती हलू शकते याचे ते माप. z मध्ये ही हालचाल σ वरून काढली आहे. σ म्हणजे संपूर्ण समष्टीचे प्रमाण विचलन, आपल्या नमुन्याच्या बाहेरून मिळालेला पक्का आकडा. t मध्ये त्या जागी s आहे, म्हणजे हातातल्या त्याच मूठभर मोजमापांवरून काढलेला अंदाज.

एका अक्षराच्या या बदलाने सगळे चित्र पालटते. झेडमध्ये नमुना बदलला तर फक्त वरचा भाग हलतो, खालचा स्थिर राहतो. टीमध्ये वरचा आणि खालचा दोन्ही हलतात. लहान नमुन्यात कधीकधी सगळी मोजमापे निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या जवळ येतात. मग s खऱ्यापेक्षा बराच लहान पडतो, भागाकार फुगतो, आणि मुळात काहीच नसताना मोठा शोध लागल्याचा भास होतो.

हा धोका ज्याने पहिल्यांदा नीट मोजला तो प्राध्यापक नव्हता. विल्यम सीली गॉसेट ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकला आणि १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात कामाला लागला. तिथे बार्लीचे वाण, हॉप्सचा दर्जा, माल्टमधून उतरणारा अर्क अशा गोष्टींची तुलना करावी लागे आणि प्रत्येक प्रयोग खर्चिक असल्यामुळे हाताशी चार-पाच, फार तर दहा मोजमापे असत. त्या काळचे संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी घडवलेले होते. शेकडो मोजमापे असली की s आणि σ यांत फरक करण्याची गरजच पडत नसे. १९०६-०७ मध्ये गॉसेट लंडनला कार्ल पिअरसनच्या प्रयोगशाळेत राहिला आणि लहान नमुन्यांचा प्रश्न सोडवूनच परतला. १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्याचा ‘द प्रॉबेबल एरर ऑफ अ मीन’ हा लेख आला. कारखान्याच्या नियमांमुळे स्वतःच्या नावाने छापणे शक्य नव्हते, म्हणून लेखकाच्या जागी ‘स्टुडंट’ एवढेच होते. तेव्हापासून ही चाचणी स्टुडंटची म्हणून ओळखली जाते.

गणिताने मिळालेले उत्तर त्याने हाताने तपासूनही पाहिले, आणि त्या लेखातला हाच भाग मला सर्वांत शिकवून जाणारा वाटतो. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची मोजमापे आधीच प्रसिद्ध झालेली होती. गॉसेटने ती ३,००० पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, चांगली मिसळली आणि चार-चार तुकड्यांचे ७५० नमुने केले. ३,००० माणसांची खरी सरासरी आणि खरे विचलन त्याला ठाऊक होते, त्यामुळे प्रत्येक चौकडीची सरासरी खऱ्यापासून किती भरकटली आणि चौकडीचे स्वतःचे s किती आले, हे ताडून पाहता येत होते. चारच तुकड्यांवरून काढलेले s भलतेच अस्थिर निघते. त्यामुळे s ने भागून आलेल्या आकड्यांचा आलेख घंटेच्या ओळखीच्या आकाराचा दिसला तरी त्याच्या दोन्ही शेपट्या जाड असतात. टोकाचे आकडे अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येतात. टी-वितरण म्हणतात ते हेच. नमुना जितका लहान तितक्या शेपट्या जाड, म्हणून त्याचा तक्ता एका ओळीचा नसतो. प्रत्येक ओळ ‘स्वातंत्र्याच्या मात्रां’साठी असते आणि एका नमुन्याच्या सरासरीसाठी ही मात्रा n मधून एक वजा करून मिळते.

त्याच लेखात गॉसेटने वापरलेले उदाहरण घेऊन आपण स्लाइडच्या सहा ओळी चालून जाऊ. आकडे त्याचे स्वतःचे नव्हते. कुश्नी आणि पीबल्स या संशोधकांनी १९०५ मध्ये झोपेच्या औषधांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दहा रुग्णांना वेगवेगळ्या रात्री वेगवेगळी औषधे दिली आणि औषध नसलेल्या रात्रींच्या तुलनेत झोप किती तास वाढली ते मोजले. दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा किती जास्त झोप मिळाली, हा दहा रुग्णांचा फरक तासांत असा आहे:

```
1.2  2.4  1.3  1.3  0.0  1.0  1.8  0.8  4.6  1.4
```

पहिली ओळ: शून्य परिकल्पना अशी की दोन औषधांत फरक नाही, म्हणजे या फरकांची खरी सरासरी शून्य आहे. पर्यायी परिकल्पना अशी की ती शून्य नाही. कोणते औषध वरचढ ठरेल हे आपण आधी धरून चालत नाही, म्हणून चाचणी दुहेरी बाजूची आहे. दुसरी ओळ: सार्थकता पातळी ५ टक्के. मुळात फरक नसताना तो आहे असे चुकून म्हणण्याची शक्यता शंभरात पाचपेक्षा जास्त असू नये, असा तिचा अर्थ. या दोन ओळी आकडे बघण्याआधी लिहायच्या असतात. आकडे बघून एकेरी बाजू निवडली की चुकीची ती शक्यता गुपचूप दुप्पट होते आणि उत्तरपत्रिकेत त्याचा मागमूसही राहत नाही.

तिसरी ओळ. या रुग्णांच्या झोपेतल्या फरकाचे σ कुणी आपल्याला दिले आहे का? नाही. हे औषध अशा रुग्णांना देऊन वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी नाहीत, आणि विचलन किती असावे हे सांगणारा सिद्धांतही नाही. विचलनाचा अंदाज याच दहा आकड्यांवरून काढावा लागणार. म्हणजे टी-चाचणी, मात्रा ९.

चौथी ओळ हिशेबाची. दहा आकड्यांची बेरीज १५.८, सरासरी १.५८ तास. प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा. बेरीज १३.६१६ येते. तिला ९ ने भागून वर्गमूळ काढले की s १.२३ मिळते. १० चे वर्गमूळ ३.१६, म्हणून प्रमाण त्रुटी १.२३ भागिले ३.१६, म्हणजे सुमारे ०.३९. आणि १.५८ ला तिने भागले की t ४.०६. पाचवी ओळ: तक्त्यात मात्रा ९ समोर ५ टक्क्यांसाठी २.२६२ आहे. ४.०६ त्याच्या बराच पुढे आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. संगणक p-मूल्य सुमारे ०.००२८ सांगतो. दोन औषधांत खरोखर फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा t हजारांत जेमतेम तीन वेळा दिसला असता, असे ते म्हणते. फरक नसण्याची शक्यता हजारांत तीन आहे, असे मात्र ते म्हणत नाही. ही गल्लत पदवी झालेल्यांकडूनही होते.

इथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारेल की झेडचा तक्ता वापरला असता तरी १.९६ पेक्षा ४.०६ मोठेच होते, मग एवढा खटाटोप कशाला? म्हणून रुग्ण कमी करून पाहू. प्रयोगात फक्त पहिले पाचच रुग्ण होते असे धरा. फरकांची सरासरी १.२४, s ०.८५, प्रमाण त्रुटी ०.३८, आणि भागाकार ३.२६. हा आकडा झेडच्या तक्त्यात शोधला तर p-मूल्य ०.००११ येते. टीच्या तक्त्यात मात्रा ४ धरून शोधला तर ०.०३१ येते. आकडे तेच, भागाकार तोच, पण एक तक्ता म्हणतो की असे हजारांत एकदा घडेल आणि दुसरा म्हणतो शंभरात तीनदा. सार्थकता पातळी १ टक्का ठेवली असती तर झेडवाल्याने औषध जिंकले असे जाहीर केले असते आणि टीवाल्याने पुरावा अजून अपुरा आहे म्हणून आणखी रुग्ण मागितले असते. पाच रुग्णांवरून काढलेल्या s वर किती भरवसा ठेवायचा, एवढाच काय तो दोघांतला मतभेद.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगता येते. σ माहीत नसताना पाचच मोजमापांवर १.९६ चा उंबरठा लावला तर ५ टक्क्यांची चूक प्रत्यक्षात सुमारे १२ टक्के होते. दहा मोजमापांवर ती ८ टक्क्यांच्या आसपास येते आणि तीसवर ६ च्या आसपास. स्लाइडवरच्या तीसच्या आकड्याचे मूळ इथे आहे. दुहेरी बाजूच्या ५ टक्क्यांचा उंबरठा मात्रा ४ ला २.७७६, ९ ला २.२६२, २९ ला २.०४५, ६० ला २.०००, १२० ला १.९८० असा उतरत जातो आणि अनंताला १.९६०, म्हणजे झेडच्या आकड्याला मिळतो. छापील पुस्तकांतल्या तक्त्यात मात्रा एकेक करत तीसपर्यंत येतात, मग ४०, ६०, १२० अशा उड्या घेतात. हाताने हिशेब करायच्या दिवसांत तीसच्या पुढे २.०४ ऐवजी १.९६ घेतले तर फारसे बिघडत नसे. ती सोय होती, आणि सोय म्हणून रास्तच होती. पुढे ती नियम म्हणून स्लाइडवर चढली. आज संगणक कोणत्याही मात्रेसाठी नेमका उंबरठा देतो. तेव्हा σ अज्ञात असेल तर नमुना दहाचा असो की दहा हजारांचा, टी वापरावी. नमुना मोठा असला की तिचे उत्तर आपण होऊनच झेडच्या उत्तराशी जुळते. परीक्षेत मात्र शिक्षकांनी तीसचा नियम दिला असेल तर तो पाळावा आणि शेजारी ‘σ अज्ञात, मोठ्या नमुन्यामुळे झेड अंदाजे लागू’ असे लिहावे.

मग झेड खरी कुठे लागते? σ बाहेरून मिळतो अशा ठिकाणी. वेक्सलरच्या बुद्ध्यंक चाचण्यांची गुणपद्धतीच अशी बसवलेली असते की सर्वसाधारण लोकसंख्येत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ यावे. तिथे १५ हा आकडा आपल्या नमुन्यातून येत नाही. तरीही आपण निवडलेला गट त्या लोकसंख्येइतकाच पसरलेला आहे का, हा प्रश्न राहतो. निवडक शाळेतली मुले घेतली तर पसारा १५ पेक्षा कमी असू शकतो, आणि मग माहीत असलेला σ कागदावर खरा असूनही आपल्या कामाचा राहत नाही.

याहून स्वच्छ आणि रोज भेटणारी जागा म्हणजे टक्केवारी किंवा प्रमाण. ग्रेगोर मेंडेलचे वाटाणे घेऊ. त्याने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुसऱ्या पिढीतल्या ७,३२४ दाण्यांची मोजदाद आहे. त्यांतले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. शून्य परिकल्पना अशी की गोल आणि सुरकुतलेल्यांचे प्रमाण तीनास एक, म्हणजे गोल दाण्याची शक्यता ०.७५. ती खरी असेल तर ५,४९३ गोल दाणे अपेक्षित होते, म्हणजे १९ कमी भरले. आता योगायोगाने किती इकडेतिकडे व्हावे? त्यासाठी नमुन्याकडे पाहण्याची गरजच नाही. होय-नाही प्रकारच्या मोजदादीत पसारा शक्यतेवरूनच ठरतो.

```
√(7324 × 0.75 × 0.25) = 37.06
z = (5474 − 5493) / 37.06 = −0.51
```

०.७५ हा आकडा शून्य परिकल्पनेने दिला आणि त्याच्यासोबत σ ही दिला. अंदाज बांधावा लागला नाही, म्हणून जाड शेपट्यांचा प्रश्न उरत नाही आणि टी-चाचणी इथे बसतच नाही. p-मूल्य ०.६१ च्या आसपास आहे, तेव्हा तीनास एक हे प्रमाण नाकारण्याचे कारण नाही. ते सिद्ध झाले असेही नाही. ०.७५ ऐवजी ०.७४५ म्हटले असते तरी या दाण्यांनी तेही नाकारले नसते. ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ असे लिहिलेल्या स्लाइड मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथे ‘नाकारता आली नाही’ असेच लिहायला हवे. या झेडलाही एक अट आहे. दोन्ही बाजूंच्या अपेक्षित संख्या पुरेशा मोठ्या हव्यात, निदान पाच, आणि दहा असल्या तर बरे. वीस दाण्यांत एखाद-दुसराच अपेक्षित असेल तर घंटेचा आकार जमत नाही. तिथे टीकडे न वळता थेट द्विपद वितरणाने शक्यता काढावी लागते.

आता कुश्नी-पीबल्सच्या रुग्णांकडे परत येऊ, कारण तिसऱ्या ओळीत आणखी दोन खाचखळगे लपलेले आहेत. त्या दहा आकड्यांपैकी प्रत्येक आकडा एकाच रात्रीचा नाही, अनेक रात्रींच्या सरासरीवरून आलेला आहे. एखाद्याने रुग्णांऐवजी रात्री मोजल्या तर n सहज तीसच्या पुढे जाईल, स्लाइडवरची चौकट ‘झेड’ म्हणेल आणि प्रमाण त्रुटी फसवी लहान होईल. पण एकाच माणसाच्या दहा रात्री म्हणजे दहा माणसे नव्हेत. ज्याला मुळातच झोप कमी, त्याच्या सगळ्याच रात्री कमी झोपेच्या असणार. n म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र अशा मोजमापांची संख्या. एका शेतातली चाळीस कणसे, एका वर्गातली साठ मुले, एका रुग्णाचे पन्नास रक्तदाब, यांत स्वतंत्र एकक कोणते हे ठरवल्याशिवाय n लिहू नये.

दुसरा खळगा जोडीचा. दोन्ही औषधे त्याच दहा जणांना दिली होती, म्हणून आपण प्रत्येकाचा फरक काढला आणि त्या फरकांवर चाचणी केली. हे न ओळखता दोन वेगळे गट समजून त्याच आकड्यांवर दोन नमुन्यांची टी-चाचणी केली तर t १.८६ येतो, मात्रा १८, उंबरठा २.१०१. म्हणजे फरक नाही असा निकाल. सरासरी फरक तोच १.५८ तास, पण प्रमाण त्रुटी ०.३९ वरून ०.८५ वर गेली, कारण माणसामाणसांतल्या झोपेचा फरक, जो जोडी लावल्यावर वजा झाला होता, तो पुन्हा भाजकात शिरला. म्हणून प्रयोग कसा केला याचे वर्णन नीट वाचल्याशिवाय चाचणी निवडू नये. ‘त्याच व्यक्ती’, ‘आधी आणि नंतर’, ‘जुळे’, ‘एकाच शेताचे दोन भाग’ असे शब्द दिसले की जोडी शोधावी.

आकड्यांकडे नुसते डोळ्यांनीही बघावे. नवव्या रुग्णाचा ४.६ इतरांपासून एकटा लांब उभा आहे. लहान नमुन्यात टी-चाचणी असे गृहीत धरते की मोजमापे साधारण घंटेच्या आकारात पसरली आहेत, आणि असा एकांडा आकडा त्या गृहीताला धक्का देतो. तो औषधाच्या बाजूचा आहे म्हणून वाटते की त्यानेच t मोठा केला असावा. तपासण्यापुरता तो बाजूला ठेवा. सरासरी १.५८ वरून १.२४ वर घसरते, पण s १.२३ वरून ०.६६ वर येतो आणि t ४.०६ वरून ५.६६ वर चढतो. एकट्या आकड्याने सरासरी जेवढी वाढवली त्याहून जास्त पसारा वाढवला होता. तो काढून टाकायचा असे मी म्हणत नाही. कारण कळल्याशिवाय मोजमाप खोडणे गैरच. पण निष्कर्ष त्या एका रुग्णावर उभा नाही, हे यातून कळले. भाजकात s असलेल्या चाचणीत असे घडू शकते, हेही दिसले.

संगणकावर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. एक्सेलमध्ये `Z.TEST` या सूत्राला σ देणे ऐच्छिक आहे. दिला नाही तर ते तक्रार करत नाही. नमुन्याचेच s घेते, झेडचा तक्ता लावते आणि एकेरी बाजूचे p-मूल्य देते. पहिल्या पाच रुग्णांचे आकडे त्यात घातले की ०.०००५६ मिळते. पाच माणसांच्या पुराव्याला न शोभणारा आकडा. जोडीच्या टी-चाचणीसाठी `T.TEST` मध्ये दोन्ही औषधांचे स्तंभ देऊन शेवटचे दोन आकडे 2 आणि 1 असे द्यावे लागतात, दुहेरी बाजू आणि जोडी यांसाठी. शेवटचा 1 चुकून 2 झाला की वरचा १.८६ वाला निकाल मिळतो. आर या प्रणालीत तर हे रुग्ण `sleep` या नावाने आधीपासूनच आहेत:

```
with(sleep, t.test(extra[group == 2],
                   extra[group == 1], paired = TRUE))
```

सहावी ओळ, निष्कर्षाची, बहुतेक जण ‘शून्य परिकल्पना नाकारली’ एवढ्यावर संपवतात. औषधाबद्दल विचारणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. निष्कर्षात फरक किती आणि तो किती अनिश्चित आहे, हे यायला हवे. आपल्याकडे दोन्ही आकडे आहेत. १.५८ च्या दोन्ही बाजूंना २.२६२ गुणिले ०.३९, म्हणजे ०.८८ जाऊ दिले की ०.७० ते २.४६ तास ही मर्यादा मिळते. वाक्य असे होईल: या रुग्णांत दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी सुमारे दीड तास जास्त झोप मिळाली, आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा पाऊण तासाच्या थोडी खालपासून अडीच तासांपर्यंत आहे. इथे २.२६२ च्या जागी १.९६ घेतले असते तर ही मर्यादा खोटी अरुंद झाली असती.

एवढे करूनही या वाक्यात औषधांची नावे भरताना मूळ प्रयोगाची नोंद उघडावी लागते. गॉसेटच्या लेखात स्तंभांवर औषधांची नावे चुकीची पडली होती. त्याचा भागाकार बरोबर होता, तक्ता बरोबर होता, आणि कोणत्या औषधाने झोप वाढवली हे सांगणारी नावे तेवढी चुकली होती.